मोहरीच्या तेलातलं इरुसिक आम्ल: उंदरांचं हृदय आणि आपलं

अमेरिकेतल्या कुठल्याही भारतीय किराणा दुकानात मोहरीच्या तेलाची बाटली उचलली, की तिच्यावर बहुधा ‘फक्त बाह्य वापरासाठी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ सापडते. शेजारच्या फळीवर शेंगदाण्याचं आणि तिळाचं तेल असतं, त्यांच्यावर असं काही नसतं. गिऱ्हाईकही बाटली घेतं ते माशाच्या बंगाली रश्शासाठी किंवा लोणच्यासाठी, अंगाला चोळायला नव्हे, आणि हे दुकानदाराला चांगलं ठाऊक असतं. तरीही ओळ छापावीच लागते, कारण तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या लेखी दाबून काढलेलं मोहरीचं तेल हे खाद्यतेल नाही. युरोपीय संघाचा कायदा थोडा सैल आहे. बहुतेक तेलांना २ टक्के आणि मोहरीच्या तेलाला ५ टक्के इरुसिक आम्ल चालतं. आपल्याकडच्या नेहमीच्या कच्च्या घाणीच्या तेलात ते ४० ते ५० टक्के असतं.

इरुसिक आम्ल हे एक मेदाम्ल आहे. शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असणाऱ्या ओलेइक आम्लाचंच ते लांबट भावंड: ओलेइकच्या साखळीत कार्बनचे १८ अणू, तर इरुसिकच्या साखळीत २२. फरक एवढाच, पण हृदयाच्या पेशीला तो जाणवतो. हृदयाचा स्नायू दिवसरात्र मुख्यतः मेदाम्लं जाळून चालतो आणि हे जाळणं पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांत होतं. २२ कार्बनची साखळी तिथे फार सावकाश जळते. आधी पेरॉक्सिझोम नावाच्या दुसऱ्या घटकात तिचे तुकडे पाडून ती आखूड करावी लागते. इरुसिक आम्ल एकदम खूप आलं आणि पेरॉक्सिझोमांची तयारी नसली, तर न जळलेली चरबी थेंबाथेंबानं स्नायूपेशींत साचू लागते.

हे पहिल्यांदा दिसलं ते उंदरांत. १९६० मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी मोहरीच्याच कुळातल्या रेपसीडचं तेल उंदरांना भरपूर खायला घातलं, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या स्नायूत बिघाड आढळला. १९७० च्या सुमारास अशा निष्कर्षांची रीघ लागली आणि ज्या कॅनडात रेपसीड हे मोठं पीक होतं, तिथे धावपळ उडाली. इरुसिक जवळजवळ नसलेलं वाण तिथल्या पैदासकारांनी १९६८ मध्येच काढलेलं होतं, म्हणून थोड्याच वर्षांत बहुतेक शेतं बदलली. आजचं कॅनोला तेल त्यातूनच आलं. पर्याय हाताशी असला की निर्बंध घालणं सोपं जातं. कायद्यांच्या या इतिहासात हा मुद्दा मला विज्ञानाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

उंदरांतली चरबी मात्र पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त साचते आणि तेच तेल चालू ठेवलं तरी पुढे उतरत जाते, कारण तोवर पेरॉक्सिझोमांचं काम वाढलेलं असतं. काही महिन्यांनी नर उंदरांच्या हृदयात व्रण दिसतात खरे, पण ते सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलावर वाढवलेल्या नर उंदरांतही कमीअधिक दिसतात. म्हणून त्या व्रणांचं सगळं खापर इरुसिकवर फोडता येत नाही. साचणाऱ्या चरबीचं तसं नाही, ती डुकराच्या नवजात पिल्लांतही दिसली. पिल्लाची पचनसंस्था आणि हृदय माणसाच्या बाळाच्या बरंच जवळचं असतं, त्यामुळे हा पुरावा बाजूला सारता येत नाही.

आता ‘किती तेल’ हा हिशेब करून पाहू. प्राण्यांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ७०० मिलिग्रॅम इरुसिक दिलं तेव्हा हा परिणाम दिसला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ मध्ये या आकड्याला १०० नं भागलं आणि माणसासाठी दर किलोमागे ७ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. प्राणी आणि माणूस यांतला, तसंच माणसामाणसांतला फरक सांभाळून घेण्यासाठी असं भागायची पद्धतच आहे. ६० किलोच्या माणसाला त्यानुसार दिवसाला ४२० मिलिग्रॅम चालतात, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम मोहरीचं तेल. कोलकात्यातल्या ज्या घरात माणशी २५ ग्रॅम तेल जातं, तिथे ही मर्यादा २५ पटींनी ओलांडली जाते.

ऐकायला हे भयंकर वाटतं. पण त्याच माणसाच्या पोटात दर किलोमागे सुमारे १७५ मिलिग्रॅम गेले, म्हणजे प्राण्यांना ज्या मात्रेनं काही झालं नाही तिचा पाव हिस्सा. शंभरपट ठेवलेली सुरक्षेची जागा चारपटीवर आली, एवढंच यातून म्हणता येतं. रोज १० ग्रॅम तेल खाणाऱ्या १५ किलोच्या मुलाच्या बाबतीत ती अडीचपटीवर येते. मोठ्या माणसानं आवडीनं मोहरीचं तेल खाल्लं तर मी काही बोलणार नाही. लहान मुलांचा रोजचा स्वयंपाक मात्र मी दुसऱ्या तेलात करीन.

मग माणसांत प्रत्यक्ष काय दिसलं? दिल्ली आणि बंगळुरूच्या रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका आलेल्या ३५० रुग्णांची ७०० इतरांशी तुलना केली गेली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मोहरीचं तेल वापरणाऱ्यांत झटक्याचं प्रमाण सूर्यफूल तेलवाल्यांपेक्षा कमी निघालं. या तेलात ओमेगा-३ कुळातलं अल्फा-लिनोलेनिक आम्लही बऱ्यापैकी असतं, त्यामुळे असं घडणं अशक्य नाही. पण हा अभ्यास झटक्याचा, म्हणजे रक्तवाहिनी तुंबण्याचा होता. इरुसिकवरचा आरोप स्नायूत चरबी साचल्याचा आहे, आणि त्याचं उत्तर या आकड्यांत मिळत नाही. उलट २०१३ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या गटांच्या पाहणीत ज्यांच्या रक्तात अशी लांब साखळीची मेदाम्लं जास्त होती त्यांच्यात हृदय निकामी होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पण ती मंडळी मोहरीचं तेल खाणारी नव्हेत, आणि हा संबंध म्हणजे कारण असं धरता येत नाही.

मोठ्या मात्रेचा एक वेगळाच अनुभव औषधातून मिळतो. अ‍ॅड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ आनुवंशिक आजारात लॉरेन्झो तेल नावाचं मिश्रण देतात. त्यात एक भाग इरुसिकचं तेल आणि चार भाग ओलेइकचं असतं. अनेक रुग्णांत रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या, तेव्हा डॉक्टरांना मुख्यतः त्यावरच लक्ष ठेवावं लागलं. हृदयात चरबी साचण्याची तक्रार ठळकपणे पुढे आली नाही.

मोहरीच्या तेलानं हृदय निकामी झाल्याच्या ज्या कहाण्या आपल्याकडे ऐकू येतात, त्यांतला खरा गुन्हेगार बहुधा वेगळाच असतो. १९९८ मध्ये दिल्लीत या तेलामुळे माणसं सुजली, दगावली, ती पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ होती. त्या बिया दिसायला मोहरीसारख्याच असतात आणि त्यांतलं सॅन्ग्विनारिन हे विष सूज आणतं, हृदयही निकामी करतं.

आणखी एक समज पक्का बसलेला आहे: धूर येईपर्यंत तेल तापवलं की दोष जातो. जातो तो झणका. नाकात चढणारा तिखटपणा आयसोथायोसायनेट नावाच्या उडून जाणाऱ्या रसायनाचा असतो, इरुसिकचा त्याच्याशी संबंध नाही. आम्ल कढईतच राहतं. तेलात ते किती आहे हे वासावरून, रंगावरून किंवा चवीवरून कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी करावी लागते. भारतात पुसा मोहरी-३० सारखी २ टक्क्यांहून कमी इरुसिकची वाणं निघाली आहेत, पण बाटलीवर तसा स्पष्ट उल्लेख नसेल तर आतलं तेल नेहमीचंच समजावं.

महाराष्ट्रात तेल शेंगदाण्याचं किंवा करडईचं असलं, तरी फोडणीत मोहरी असतेच. तिचाही हिशेब सोपा आहे. २ ग्रॅम मोहरीत ढोबळमानानं पाऊण ग्रॅम तेल धरलं, तर त्यात इरुसिक सुमारे ३०० मिलिग्रॅम होतं. भाजी चौघांत वाटली की माणशी ७५, म्हणजे प्रौढ माणसाच्या ४२० मिलिग्रॅमच्या मर्यादेचा पाचवा हिस्साही नाही. शिवाय न चावलेले दाणे बरेचदा पोटातून तसेच अख्खे निघून जातात.