थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह, सीबीनॅट पॉझिटिव्ह: मग खरं काय? आणि 'ट्रेस' आला तर?

टीबीचा संशय असला की हल्ली बरेचदा एकाच पेशंटच्या हातात दोन कागद येतात, एक साध्या बेडका तपासणीचा म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघितलेल्या थुंकीचा आणि दुसरा सीबीनॅट नाहीतर ट्रूनॅटचा. आणि दोन्हीवर वेगवेगळं लिहिलेलं असलं की घरचे घाबरतात, कुणीतरी म्हणतं लॅबने सॅम्पल बदललं, कुणी म्हणतं सरकारी मशीनवर विश्वास ठेवू नका, बाहेरून परत करून घ्या. बहुतेक वेळा दोन्ही रिपोर्ट बरोबर असतात. दोन्ही टेस्ट बघतातच वेगळं, हे नीट कळलं तर निम्मी काळजी कमी होते.

आधी मायक्रोस्कोपचं बघू. टेक्निशियन बेडक्यातला पिवळसर घट्ट भाग काचेच्या पट्टीवर पसरवतो, वाळवतो, कार्बॉल फुक्सिनचा लाल रंग गरम करून चढवतो, मग 25 टक्के सल्फ्युरिक ॲसिडने धुतो आणि शेवटी निळा रंग देतो. बाकीच्या जंतूंचा लाल रंग ॲसिडने निघून जातो, टीबीच्या जंतूवर मेणासारखं आवरण असल्यामुळे त्याचा जात नाही, म्हणून निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. ह्यालाच एएफबी म्हणतात. मग तो 100 फील्ड बघतो म्हणजे पट्टीवरच्या 100 वेगवेगळ्या जागा. 100 फील्डमध्ये एकही दिसला नाही तर निगेटिव्ह, 1 ते 9 दिसले तर स्कँटी आणि आकडा लिहायचा, 10 ते 99 असले तर 1+, त्याच्या वर 2+, 3+.

आता हिशोब बघा. पट्टीवर साधारण 0.01 मिली थुंकी जाते आणि तिचे फील्ड पाडले तर अंदाजे 10,000 होतात. बेडक्याच्या 1 मिलीमध्ये 10,000 जंतू असतील तर पट्टीवर आले 100, आणि ते 10,000 फील्डमध्ये विखुरलेले, म्हणजे 100 फील्ड बघून सरासरी एखादाच सापडणार, तोही नशीब चांगलं असेल तर! म्हणून मिलीला 5 ते 10 हजारांपेक्षा कमी जंतू असले की मायक्रोस्कोपला ते जवळजवळ दिसतच नाहीत. ह्यात टेक्निशियनचा दोष नाही. फ्लुरोसंट मायक्रोस्कोपने थोडे जास्त सापडतात पण फरक फार मोठा नाही.

सीबीनॅट जंतू बघत नाही, जंतूचा डीएनए शोधतं. बेडक्यात दुप्पट रिएजंट घालून हलवायचं, 15 मिनिटं ठेवायचं, कार्ट्रिजमध्ये भरायचं, पुढचं मशीन करतं, दोन तासांच्या आत उत्तर. जुन्या कार्ट्रिजला मिलीला शंभर-सव्वाशे जंतू पुरतात, नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला तर साधारण 16. म्हणजे 10 हजार कुठे आणि 16 कुठे. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅटसुद्धा डीएनएच शोधतं, फरक एवढा की त्यात टीबीचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन, त्याला जंतू दाद देतो का हे बघायला पॉझिटिव्ह आल्यावर वेगळी चिप लावावी लागते, त्यामुळे रिपोर्टवर नुसतं एमटीबी डिटेक्टेड म्हणजे टीबीचा जंतू सापडला एवढंच दिसलं आणि रिफचं काहीच नसलं तर घाबरण्याआधी दुसरी चिप लागली का ते विचारा.

तर पहिला प्रश्न सुटला. थुंकी निगेटिव्ह, सीबीनॅट पॉझिटिव्ह ही भानगड नाही, ह्याचा अर्थ जंतू आहेत पण कमी आहेत. सुरुवातीचा टीबी, एचआयव्हीसोबतचा टीबी, लहान मुलं, ह्यांच्यात हे नेहमी दिसतं. ह्याला औषधं लागतातच. 'थुंकीत नाही ना, मग कशाला गोळ्या' असं म्हणून बरेच जण थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी 2+ होऊन परत येतात. ह्याची मला मनापासून काळजी वाटते, कारण तोपर्यंत घरातल्या पोरांपर्यंत पोचलेलं असतं.

आता ट्रेस. हा शब्द फक्त अल्ट्रा कार्ट्रिजच्या रिपोर्टवर येतो, जुन्या कार्ट्रिजवर सगळ्यात खालची पायरी व्हेरी लो असते. अल्ट्रा दोन प्रकारच्या खुणा शोधतं. एक म्हणजे आयएस6110 आणि आयएस1081 नावाचे तुकडे, हे एकाच जंतूत अनेकदा असतात त्यामुळे चटकन पकडीत येतात. दुसरी आरपीओबी, ती जंतूत एकदाच असते आणि रिफॅम्पिसिनचा निर्णय तिच्यावरूनच होतो. जंतू फारच कमी असले की पहिली खूण सापडते, दुसरी सापडत नाही. मशीन लिहितं ट्रेस आणि पुढे रिफ रेझिस्टन्स इंडिटरमिनेट. इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतो, लोक इंडिटरमिनेट वाचून समजतात एमडीआर म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी झाला. तसं नाही, त्याचा अर्थ एवढाच की रिफचं कळायला पुरेसा माल नव्हता. रेझिस्टन्स आहे असंही नाही, नाही असंही नाही.

पण ट्रेस म्हणजे टीबी आहे की नाही? हे रिपोर्टवर लिहिलेलं नसतं, पेशंटला विचारायला लागतं. समजा दोन माणसं आहेत, दोघांना तीन आठवडे खोकला, दोघांची थुंकी निगेटिव्ह, दोघांचं अल्ट्रा ट्रेस.

पहिली 34 वर्षांची बाई, आधी कधी टीबी नाही, वजन महिन्याभरात पाच किलो उतरलंय, संध्याकाळी ताप, रात्री घाम, एक्सरेत उजव्या वरच्या भागात डाग. इथे ट्रेस हा खरा टीबी मानायचा, औषधं लवकर सुरू करायची आणि त्याच वेळी आणखी एक बेडका कल्चरला म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला पाठवायचा म्हणजे औषधांची दाद पुढे कळेल. गोळ्या लगेच सुरू करता येत असताना कल्चरसाठी आठवडे वाट बघण्यात अर्थ नाही, कारण लिक्विड कल्चर निगेटिव्ह म्हणायलाच 42 दिवस लागतात. ही बाई एचआयव्ही पॉझिटिव्ह असती, किंवा ते सॅम्पल लहान मुलाचं किंवा मेंदूच्या पाण्याचं किंवा गाठीचं असतं, तर ट्रेसला आणखीच गंभीरपणे घ्यायचं, कारण तिथे जंतू मुळातच कमी असतात.

दुसरा 52 वर्षांचा माणूस, तीन वर्षांपूर्वी टीबीचा पूर्ण कोर्स झालाय. जुन्या एक्सरेतही तोच व्रण, नव्यातही तोच, वाढलेला नाही, ताप नाही, वजन स्थिर, रोज बिड्या ओढतो. इथे ट्रेसचा अर्थ जुन्या मेलेल्या जंतूंचा उरलेला डीएनए असू शकतो, कारण फुफ्फुसात तो बराच काळ, कधी वर्षानुवर्षं रेंगाळतो आणि मशीनला जिवंत-मेलेला कळत नाही. म्हणून गेल्या पाच वर्षांत टीबी झालेल्या माणसात ट्रेस आला तर लगेच परत सहा महिन्यांच्या गोळ्या चिकटवायच्या नाहीत, जुना आणि नवा एक्सरे शेजारी ठेवायचा, कल्चर पाठवायचं, आणि तब्येत बघायची. कल्चरमध्ये जंतू वाढला तरच तो जिवंत आहे हे ठरतं. एकाच शब्दाचा दोन माणसांत दोन अर्थ, म्हणून 'आधी टीबी झाला होता का, कधी, गोळ्या पूर्ण केल्या का' हे तीन प्रश्न डॉक्टरने विचारले नाहीत तर तुम्हीच सांगा. लपवू नका, जुनी फाईल असेल तर घेऊन जा.

ट्रेस आला म्हणून दुसऱ्या दिवशी परत अल्ट्रा करून घेतलं आणि निगेटिव्ह आलं तर पहिला रिपोर्ट रद्द होत नाही. इतके कमी जंतू असले की एका बेडक्यात येतात, दुसऱ्यात येत नाहीत. त्या बाईला दुसऱ्या निगेटिव्हवरून घरी पाठवणं चूक ठरेल.

मग दोन्ही निगेटिव्ह असले तर? बऱ्यापैकी दिलासा आहे पण शंभर टक्के नाही. थुंकी पॉझिटिव्ह असलेल्यांत सीबीनॅट जवळपास सगळ्यांना पकडतं, पण ज्यांची थुंकी निगेटिव्ह आणि कल्चर पॉझिटिव्ह असते त्यांच्यातले जुन्या कार्ट्रिजला साधारण तीनातले दोनच सापडतात, अल्ट्राला थोडे जास्त. निगेटिव्ह येण्याचं एक फार साधं कारण म्हणजे डबीत बेडका नसतोच, लाळ असते. पातळ, फेसाळ, पाण्यासारखं असलं तर ते तोंडातलं आहे. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका लागतो, 2 ते 5 मिली. एक्सरे खराब, ताप चालू, वजन उतरतंय आणि रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर नवीन चांगलं सॅम्पल, कल्चर, आणि गरज पडली तर डॉक्टर क्लिनिकल निदानावर औषधं सुरू करतात, ते नियमात बसतं. आणि कागदावर एरर, इनव्हॅलिड किंवा नो रिझल्ट असेल तर ते निगेटिव्ह नव्हे, मशीनला उत्तरच देता आलेलं नाही, परत सॅम्पल द्यायचं.

उलटं पण होतं, थुंकीत एएफबी दिसतात आणि सीबीनॅट निगेटिव्ह. इथे मनात यायला पाहिजे ते टीबी नसलेले त्याच कुळातले जंतू म्हणजे एनटीएम, त्यांच्यावरही लाल रंग तसाच चढतो आणि मायक्रोस्कोपखाली फरक कळत नाही. ह्यांची औषधं वेगळी असतात, म्हणून कल्चर करून जंतू कोणता ते ओळखायला लागतं. सॅम्पलची अदलाबदल झाली का तेही बघायचं.

आणि मायक्रोस्कोप जुना झाला असं समजू नका, औषधं सुरू झाल्यावर तोच उपयोगाचा. दोन महिन्यांनी बरं होतंय का बघायला थुंकी बघतात, सीबीनॅट नाही, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनए येतच राहतो आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह दिसत राहतो. कितीतरी लोक स्वतःहून दोन महिन्यांनी बाहेर सीबीनॅट करून घेतात, पॉझिटिव्ह बघून म्हणतात गोळ्या लागू पडत नाहीत आणि बंद करतात! थुंकीतही दोन महिन्यांनी कधी मेलेले जंतू दिसतात, त्यामुळे तिथेही पॉझिटिव्ह आलं तर घाईने निष्कर्ष न काढता कल्चर आणि औषधांची दाद तपासायला सॅम्पल जातं, आणि तोवर गोळ्या चालूच ठेवायच्या असतात.