वर पाणी हवं आणि खाली पाणी आहे, तरच पंप चालू: सोसायटीच्या फ्लोट स्विचची माहिती

हे माहितीपत्रक सोसायटीचे सेक्रेटरी, कमिटी सदस्य आणि रोज पंपाकडे बघणारे वॉचमन यांच्यासाठी आहे. आमच्या ऑटोमॅटिक पॅनेलमधून दोन वायरी बाहेर जातात, एक गच्चीवरच्या टाकीत आणि एक खालच्या टाकीत. दोन्हींच्या टोकाला सारखेच दिसणारे फ्लोट असतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. वरचा फ्लोट पाणी मागतो, खालचा पंपाला परवानगी देतो. दोघांनीही हो म्हटलं तरच पंप चालू होतो आणि कुणीही एकाने नाही म्हटलं की थांबतो.

फ्लोट पातळी कशी ओळखतो

फ्लोट म्हणजे प्लास्टिकचा हवाबंद डबा. त्याच्या आत एक गोळी आणि एक छोटा स्विच असतो. पाणी चढलं की डबा तरंगत वर तिरका होतो, गोळी घरंगळते आणि स्विच बदलतो. पाणी उतरलं की डबा वायरला खाली लोंबकळतो आणि गोळी परत जागेवर येते. वायरवर एक वजन अडकवलेलं दिसेल. त्या वजनापासून डब्यापर्यंत जेवढी वायर मोकळी सोडाल, तेवढं चालू आणि बंद या दोन पातळ्यांमधलं अंतर वाढतं. 20 सेंमी सोडली तर हे अंतर साधारण 25 ते 30 सेंमी येतं.

हे अंतर किती ठेवायचं यावर पंपाचं आयुष्य बरंच अवलंबून असतं, म्हणून एक हिशोब पूर्ण मांडतो.

समजा पार्किंगवर चार मजले आणि 32 फ्लॅट आहेत. घरटी चार माणसं आणि माणशी दिवसाला 135 लिटर धरलं, तर रोजची गरज 17 हजार लिटरच्या थोडी वर जाते. पंप 3 एचपीचा, मिनिटाला 200 लिटर चढवणारा. गच्चीवरच्या टाकीचा तळ 4 मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे 10 चौरस मीटर. अशा टाकीत प्रत्येक 10 सेंमी उंचीला 1,000 लिटर पाणी बसतं. सकाळी सगळ्या घरांत नळ चालू असताना मिनिटाला 100 लिटर खर्च होतात असं धरू.

आता अंतर 30 सेंमी ठेवलं तर मध्ये 3,000 लिटर पाणी आहे. ते उतरायला अर्धा तास लागतो. मग पंप लागतो आणि खर्च वजा जाता तेवढंच पाणी परत चढायला पुन्हा अर्धा तास. म्हणजे सर्वांत जास्त वापराच्या वेळीही पंप तासातून एकदाच चालू होतो. हेच अंतर कुणी 4 सेंमीवर आणलं तर मध्ये फक्त 400 लिटर उरतात आणि पंप तासाला सात-आठ वेळा चालू-बंद होतो. स्टार्टरवर थेट चालू होणारी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. तो झटका दर आठ मिनिटांनी बसला तर काँटॅक्टरचे, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळतात, कधी एकमेकांना चिकटतात. पॉइंट चिकटले की फ्लोट काहीही सांगो, पंप थांबत नाही. टाकी सतत काठोकाठ भरलेली राहावी म्हणून अंतर कमी करून द्या, अशी मागणी आमच्याकडे अनेकदा येते. आम्ही ती मान्य करत नाही, त्याचं कारण हे आहे.

वरचा फ्लोट बसवताना पंप बंद होण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली निदान 15 सेंमी ठेवतो. आणि फ्लोट पाणी पडतं त्या तोंडापासून दूर, शिडीत अडकणार नाही अशा जागी सोडतो. धार जवळ असेल तर लाटांवर डबा डोलतो आणि पॅनेलमधून काँटॅक्टरचा टकटक आवाज येऊ लागतो. असा आवाज ऐकू आला तर आम्हाला लगेच कळवा.

कोरडा चाललेला पंप

पंपाच्या शाफ्टवर मेकॅनिकल सील असतं. त्याचे दोन गुळगुळीत चकते एकमेकांवर फिरतात आणि त्यांच्यामधला पाण्याचा पातळ थर त्यांना थंड ठेवतो. पाणी नसेल तर हे चकते काही मिनिटांत तापतात, त्यांना चरे पडतात किंवा तडा जातो. पुढच्या वेळी पंप चालू केला की मोटर आणि पंपाच्या मधून थेंब गळायला लागतात. पुढे तेच पाणी बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग आवाज करू लागतं आणि दुर्लक्ष झालं तर वाइंडिंगपर्यंत ओल पोहोचते.

इथे एक समज दूर करायला हवा. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आहे, म्हणजे पंप सुरक्षित आहे, असं बऱ्याच सोसायट्यांत समजतात. ओव्हरलोड रिले करंट वाढला की तोडतो. पंप कोरडा पडला की त्याला ढकलायला पाणीच उरत नाही, त्यामुळे करंट उलट कमी होतो. एरवी 5 अँपिअरच्या आसपास घेणारी मोटर अडीच-तीन अँपिअरवर उतरते. ओव्हरलोडच्या दृष्टीने तेव्हा सगळं उत्तम चाललेलं असतं.

म्हणून खालच्या टाकीत स्वतंत्र फ्लोट लागतो. पंपाच्या सक्शन पाइपाच्या तळाशी पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते, तो फूट व्हॉल्व्ह. पंप बंद करण्याची पातळी आम्ही त्याच्या वर साधारण 30 सेंमी ठेवतो. त्याहून खाली गेलं तर पाण्यात भोवरा होऊन हवा ओढली जाते. परत चालू होण्याची पातळी त्याच्या आणखी 30 सेंमी वर. खालची टाकी 12 चौरस मीटरची असेल तर या अंतरात 3,600 लिटर बसतात. महापालिकेचं पाणी मिनिटाला 40 लिटरने येत असेल, तर तेवढं जमायला दीड तास लागतो आणि पंप ते सुमारे 22 मिनिटांत उपसतो. कमी दाबाने पाणी येतं त्या दिवशी पंप बराच वेळ थांबलेला दिसतो, तो बिघाड नसतो. पॅनेलवर "खाली पाणी नाही" हा लाल दिवा लागलेला असतो. तो दिवा असताना पंप चालू करून द्या, असा आग्रह कुणीही धरू नये.

खालच्या फ्लोटला एक गोष्ट मात्र कळत नाही. टाकीत पाणी आहे एवढंच तो सांगू शकतो, ते पंपात पोहोचलंय की नाही हे त्याला ठाऊक नसतं. पंप टाकीच्या वर बसवलेला असेल आणि फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो गळत असेल, तर रात्रीतून सक्शन पाइपातलं पाणी उतरतं आणि पंप एअर पकडतो. खालची टाकी भरलेली, दोन्ही फ्लोट हो म्हणतायत, आणि पंप तरीही कोरडा फिरतोय. अशा जागी आम्ही फ्लोटच्या जोडीला करंट कमी झाला की तोडणारा रिले लावतो. बसवण्याच्या दिवशी क्लॅम्प मीटरने पाणी चढत असतानाचा करंट मोजतो, मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह क्षणभर बंद करून उतरलेला करंट मोजतो, आणि रिलेचा आकडा या दोहोंच्या मधे ठेवतो. पंपाला पाणी धरायला वेळ मिळावा म्हणून सुरुवातीचे काही सेकंद हा रिले गप्प राहतो. तो एकदा पडला की आपोआप परत लागत नाही, रिसेटचं बटण हाताने दाबावं लागतं. हे मुद्दाम केलेलं आहे. रिसेट करण्यापूर्वी प्रायमिंग करा, म्हणजे पंपात आणि सक्शन पाइपात पाणी भरून हवा काढा. दोन दिवसांत परत तेच झालं तर फूट व्हॉल्व्ह काढून साफ करायची वेळ आलेली आहे.

मॅन्युअलवर टाकलं तर

पॅनेलवर ऑटो, बंद आणि मॅन्युअल असा स्विच आहे. पुष्कळ ठिकाणी मॅन्युअलवर टाकलं की दोन्ही फ्लोट बाजूला पडतात. पाणी येईना म्हणून वॉचमनने स्विच मॅन्युअलवर फिरवला आणि पंप रात्रभर कोरडा चालला, ही सील जळण्याची नेहमीची कथा आहे. आमच्या पॅनेलमध्ये मॅन्युअल फक्त वरच्या फ्लोटला वगळतं. खालचा फ्लोट आणि करंटचा रिले दोन्ही स्थितींत जागेवर असतात. बाहेरच्या इलेक्ट्रिशियनने कधी पॅनेल उघडलं तर या वायरी त्याला शॉर्ट करू देऊ नका.

दोन्ही फ्लोटची जोडणी अशी आहे की वायर तुटली तर पंप बंदच राहील. उंदराने वायर कुरतडली किंवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये ती कापली गेली, तर पाणी चढणार नाही आणि तुम्हाला लगेच कळेल. टाकी वाहत राहणार नाही किंवा पंप जळणार नाही.

स्टार्टरची कॉइल बऱ्याचदा 415 व्होल्टची असते आणि फ्लोटची वायर थेट तिच्यातूनच फिरवलेली सापडते. म्हणजे पिण्याच्या पाण्यात लोंबकळणाऱ्या वायरीत 415 व्होल्ट. आम्ही ट्रान्सफॉर्मर आणि मधला रिले घालून टाकीत फक्त 24 व्होल्ट पाठवतो. वायरीला टाकीच्या आत कुठेही जोड ठेवत नाही. तुमचं पॅनेल दुसऱ्या कुणी बसवलेलं असेल, तर ही एक गोष्ट तरी आजच तपासून घ्या.

टाकी धुताना

वायर तुटण्यापासून आम्ही बचाव केला आहे, पण फ्लोट बाहेर टांगून ठेवण्यापासून बचाव वायरिंगने होत नाही. टाकी धुणारी माणसं फ्लोट बाहेर काढून शिडीला अडकवतात. वायरला लोंबकळणारा डबा म्हणजे पॅनेलच्या दृष्टीने रिकामी टाकी. काम संपलं, फ्लोट आत सोडायचा राहिला, की पंप लागतो आणि पाणी गच्चीवरून वाहू लागतं. खालची टाकी उपसून होईपर्यंत ते थांबत नाही. म्हणून धुण्याआधी स्विच बंदवर ठेवा. नंतर झाकण लावण्यापूर्वी फ्लोट पाण्यात मोकळा आहे, वजन जुन्याच खुणेवर आहे आणि वायर कशात गुंतलेली नाही, हे कमिटीतल्या कुणीतरी डोळ्यांनी पाहावं. ज्यांना हवं त्यांच्या टाकीत आम्ही ओव्हरफ्लोच्या किंचित खाली दुसरा फ्लोट लावून देतो. तो पंप तोडतो आणि भोंगाही वाजवतो.

दर तीन महिन्यांनी एक चाचणी करा, त्यासाठी आमची गरज नाही. पंप ऑटोवर चालू असताना खालच्या टाकीतला फ्लोट वायरला धरून पाण्याबाहेर उचला. डबा लोंबकळला की पंप थांबून लाल दिवा लागला पाहिजे. मग फ्लोट पाण्यात सोडा, पंप परत लागेल. वरच्या टाकीत फ्लोट हाताने उलटा वर धरला की पंप थांबला पाहिजे. फ्लोट हातात असताना तो हलवून पाहा. आत गोळीचा आवाज येतो तसा पाण्याचा खळखळाटही ऐकू आला, किंवा पाण्यात सोडल्यावर डबा अर्धवट बुडाला, तर त्याच्यात पाणी शिरलंय. तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत डब्यावर क्षारांचा पांढरा थर बसून तो जड होतो. टाकी धुताना तो थर ओल्या फडक्याने पुसून काढा, खरवडू नका.