‘प्रत्येक’ या शब्दाची किंमत: पाच गुण

५ मे २०२४ रोजी झालेल्या नीट परीक्षेत भौतिकशास्त्राचा एक प्रश्न होता. दोन विधानं दिली होती, आणि त्यांतलं कोणतं बरोबर, कोणतं चूक एवढंच ओळखायचं होतं.

विधान १: अणूंमध्ये धनप्रभार आणि ऋणप्रभार सारख्या संख्येने असल्यामुळे अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतात.

विधान २: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि ते आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात.

पहिल्याबद्दल फारसा वाद नव्हता, सगळा घोळ दुसऱ्यात होता. दुसरा पर्याय म्हणत होता, ‘दोन्ही विधानं बरोबर’. चौथा म्हणत होता, ‘पहिलं बरोबर, दुसरं चूक’. सुमारे ९ लाख २८ हजार मुलांनी चौथा गोल काळा केला आणि सुमारे ४ लाख २० हजार मुलांनी दुसरा. या दुसऱ्या गटातल्या कुणालाही ‘तुला अणूची रचना कळत नाही’ असं म्हणता येणार नाही. त्यांनी विधान २ वाचलं, ते ओळखीचं वाटलं, आणि का वाटू नये? एनसीईआरटीच्या जुन्या पाठ्यपुस्तकात ते जवळपास याच शब्दांत छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत ‘प्रत्येक मूलद्रव्याचे’ जाऊन तिथे ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ आलं. बदल एका शब्दाचा, पण तेवढ्याने विधान खोट्याचं खरं झालं.

विधान २ नीट पाहिलं तर ते एक विधान नाहीच. ‘आणि’ने जोडलेली ती दोन विधानं आहेत: अणू स्थिर असतात, आणि ते वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. ‘आणि’ने जोडलेलं वाक्य खरं ठरायला दोन्ही बाजू खऱ्या असाव्या लागतात. वर त्याच्या डोक्यावर ‘प्रत्येक’ बसलेला. म्हणजे ते पाडायला एकच मूलद्रव्य पुरेसं आहे, ज्याचे अणू स्थिर नाहीत.

असं एक नाही, ३८ आहेत. आज आपल्याला ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. त्यांतल्या ८० मूलद्रव्यांचा निदान एकतरी स्थिर समस्थानिक आहे. शिसं हे अशांपैकी शेवटचं, अणुक्रमांक ८२. त्याच्या पुढचं एकही मूलद्रव्य कायमचं टिकत नाही, आणि त्याच्या अलीकडे ४३ नंबरचं टेक्नेशियम आणि ६१ नंबरचं प्रोमेथियम हे दोन खड्डे आहेत. शिशाच्या लगेच पुढचं बिस्मथ तर कित्येक वर्षं स्थिर म्हणूनच मोजलं जायचं. त्याचंही विघटन होतं हे २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. त्याचं अर्धायुष्य विश्वाच्या आजच्या वयाच्या शंभर कोटी पटींहूनही जास्त आहे. व्यवहारात याला कुणीही स्थिरच म्हणेल, पण ‘प्रत्येक’ हा शब्द व्यवहार बघत नाही.

इतकं सरळ असेल तर चार लाख मुलं चुकली कशी? माझ्या मते याचं उत्तर ‘स्थिर’ या शब्दात आहे, आणि तिथे मुलांची बाजू बरीच भक्कम आहे.

हे वाक्य ज्या धड्यातलं आहे तो धडा किरणोत्साराचा नाही, अणूच्या रचनेचा आहे. तिथे ‘स्थिर’ शब्दाला वेगळा संदर्भ आहे. रदरफर्डच्या प्रतिमेत इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो. फिरणारा प्रभार सतत दिशा बदलतो, म्हणजे त्याला त्वरण असतं, आणि त्वरण असलेला प्रभार ऊर्जा बाहेर टाकतो असं त्या काळचं भौतिकशास्त्र सांगत होतं. तसं झालं तर इलेक्ट्रॉन घिरट्या घालत डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी केंद्रकात कोसळायला हवा. प्रत्यक्षात अणू कोसळत नाहीत. हा पेच सोडवायला १९१३ मध्ये नील्स बोरने ठराविक कक्षांची कल्पना मांडली. या धड्यात ‘अणू स्थिर असतो’ म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन आत कोसळत नाही, इतकंच.

या अर्थाने युरेनियमचा अणूही स्थिर आहे आणि रेडियमचाही. त्यांच्यात जे फुटतं ते केंद्रक. इलेक्ट्रॉनांची मांडणी मात्र तोवर अगदी शिस्तीत असते. म्हणजे धडा मनापासून वाचलेल्या मुलाने ‘स्थिर’चा धड्यातला अर्थ घेतला, तर विधान २ खरं वाटणं हे अज्ञान नव्हे. पण प्रश्नपत्रिकेत धडा नसतो, नुसतं वाक्य असतं. संदर्भ काढून घेतला की ‘स्थिर’चा सर्वसाधारण अर्थ उरतो, आणि त्या अर्थाने रेडियम नापास होतं.

विधानाचा दुसरा अर्धा भाग मात्र नापास होत नाही. ‘जवळपास बरोबर’ म्हणजे काय, हे इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट आपण रोज स्वयंपाकघरात बघतो. वरण उतू जाऊन मीठमिश्रित पाणी शेगडीवर सांडलं की निळी ज्योत भक्कन पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. वर्णपटमापीतून पाहिलं तर ५८९ नॅनोमीटरच्या आसपास दोन रेषा अगदी खेटून उभ्या दिसतात, आणि ही जोडी सोडियमचीच. हा प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या उड्यांतून येतो. केंद्रक उद्या फुटणार आहे की कधीच नाही, याच्याशी त्याला जवळपास काही देणंघेणं नाही.

रेडियमचा शोध मान्य झाला तो याच जोरावर. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने आपले नमुने युजीन देमार्से या वर्णपटतज्ज्ञाकडे नेले. त्यांत बेरियम खूप आणि नवं द्रव्य अगदी किंचित होतं. देमार्सेला अतिनील भागात एक रेषा दिसली, जी कोणत्याही ओळखीच्या मूलद्रव्याची नव्हती. नमुना जितका जास्त किरणोत्सारी, तितकी ती रेषा ठळक. रेडियमच्या सगळ्यात टिकाऊ समस्थानिकाचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, म्हणजे द्रव्य अस्थिर, पण वर्णपट अगदी स्वतःचा.

याहून सुंदर उदाहरण आकाशात आहे. १९५२ मध्ये पॉल मेरिल या खगोलशास्त्रज्ञाने काही लाल राक्षसी ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियमच्या रेषा सापडल्याचं जाहीर केलं. टेक्नेशियमचा सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकसुद्धा सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा होतो, आणि हे तारे त्याहून कितीतरी म्हातारे. जन्मतः त्यांच्यात टेक्नेशियम असतं तर ते कधीच संपून गेलं असतं. म्हणजे ते ताऱ्याच्या पोटात ताजं तयार होत होतं. तारे जड मूलद्रव्यं घडवतात याचा इतका थेट पुरावा मिळाला, तो एका मूलद्रव्याचे अणू टिकत नाहीत आणि तरी आपली सही सोडून जातात म्हणून! विधान २ चा उत्तरार्ध खरा, पूर्वार्ध खोटा, आणि त्या दोन्हींचा एकाच ठिकाणी उपयोग झालेला.

आता गुणांकडे. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला वजा एक, सोडलेल्याला शून्य. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला कोणता गोल काळा आहे एवढंच दिसतं, त्यामागचा विचार दिसत नाही. अर्धवट बरोबर उत्तराला अर्धे गुण देणाऱ्या परीक्षा आहेत. जेईई अॅडव्हान्स्डमध्ये एकाहून अधिक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना तशी सोय असते. पण तिथेही अपूर्ण उत्तराला गुण मिळतात, चुकीच्या पर्यायाला नाही. तीन बरोबर पर्यायांतले दोनच निवडले तर काही गुण हाती लागतात. त्या दोघांबरोबर एक चुकीचा गोल काळा केला की थेट वजा.

या प्रश्नाबाबत मात्र परीक्षा घेणारी संस्था, एनटीए, स्वतःच डळमळली. आधीच्या उत्तरतालिकेत चौथा पर्याय बरोबर होता. जुन्या पुस्तकाचा दाखला देत हरकती आल्यावर दुसरा आणि चौथा, दोन्ही बरोबर धरून ४ जूनला निकाल लागला. इथे तर्कशास्त्राचं बोट सुटलं. एक पर्याय विधान २ खरं म्हणतो आणि दुसरा खोटं. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयात नेमका हाच मुद्दा मांडला गेला. याचिकाकर्त्यांपैकी एकाने वजा गुणांच्या भीतीने प्रश्न सोडला होता, आणि दोन्ही गटांना चार गुण मिळाल्याने तो मागे पडला होता.

(इथे एक हिशेब सांगण्यासारखा आहे. दोन पर्याय नक्की चूक वाटत असतील आणि उरलेल्या दोनांत छापा-काटा करायचा असेल, तर दोन प्रश्नांमागे सरासरी एक बरोबर, एक चूक, म्हणजे चार वजा एक, तीन गुण. प्रश्नामागे दीड. सोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण परीक्षेच्या खोलीत हात थरथरत असताना हे कुणाला सुचतं?)

२२ जुलैला न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी अहवाल आला: बरोबर पर्याय एकच, चौथा. दुसरा पर्याय निवडलेल्यांचे मिळालेले चार गुण गेले आणि वजा एक लागला, म्हणजे प्रत्येकी पाच गुणांची घट. पैकीच्या पैकी ७२० गुण मिळवणारे त्या वेळी ६१ होते. २६ जुलैच्या सुधारित यादीत ते १७ उरले.

प्रश्न तयार करणाऱ्यांनी बघावं असं काही या शेवटच्या आकड्यात आहे. परीक्षाशास्त्रात प्रश्नाची तब्येत तपासायची एक साधी रीत आहे. चुकीचे पर्याय कुणी निवडले ते पाहायचं. चांगल्या प्रश्नात चुकीचा पर्याय कमी तयारीच्या मुलांना ओढतो आणि तयारीची मुलं त्याला टाळतात. इथे दुसरा किंवा चौथा पर्याय निवडलेल्या सगळ्या मुलांत दुसरा निवडणारे सुमारे ३१ टक्के होते. त्या ६१ मध्ये मात्र दुसरा निवडणारे ४४, म्हणजे ७२ टक्के. तेव्हा दोन्ही उत्तरं ग्राह्य होती, त्यामुळे या यादीत शिरायला दुसरा पर्याय निवडणं आडवं आलेलं नव्हतं. बाकीच्या १७९ प्रश्नांत एकही चूक न करणाऱ्या मुलांनी या एका प्रश्नात बहुसंख्येने ‘चुकीचा’ पर्याय घेतला होता. चौथा पर्याय बरोबर आहे यात मला शंका नाही. पण ज्यांना पुस्तक सगळ्यात पक्कं पाठ होतं त्यांनाच जास्त ओढणारा पर्याय समोर आला, की आधी तपासायचं असतं ते विधानातला कुठला शब्द दोन अर्थांनी वाचला जातोय, आणि इथे तो शब्द ‘स्थिर’ होता.