सीटीसीवरून इन-हॅण्ड पगार काढणे

कंपनीला एका माणसावर वर्षभरात जो खर्च येतो तो आकडा म्हणजे सीटीसी, आणि त्यातून महिन्याला बँकेत प्रत्यक्ष जमा होते ती रक्कम म्हणजे इन-हॅण्ड. सीटीसी हा शब्द आपल्याकडे साधारण नव्वदच्या दशकानंतर, खाजगी कंपन्यांच्या ऑफर लेटरमधून रुळला असावा. पीएफ, ग्रॅच्युइटी किंवा आयकराच्या कायद्यात सीटीसीची व्याख्या नाही, त्यामुळे त्यात काय धरायचं हे कंपनी ठरवते आणि खरा घोळ तिथेच सुरू होतो.

नाशिकमधलं उदाहरण घेऊ. अंबड एमआयडीसीतल्या कंपनीची 6 लाखांची ऑफर, म्हणजे महिन्याला 50,000. अ‍ॅनेक्शरमध्ये बेसिक 20,000, एचआरए 8,000, आणि उरेल ते सगळं स्पेशल अलाउन्स. आधी जे हातात येतच नाही ते बाजूला काढायचं: व्हेरिएबल पे 5,000 (हा वर्षाअखेरीस, तोही टार्गेटवर), ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के म्हणजे 962, मेडिक्लेमचा हप्ता 500 आणि कंपनीचा पीएफ 12 टक्क्यांनी 2,400. उरले 41,138, हा ग्रॉस. त्यातून आता आपला पीएफ 2,400 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 वजा केला की इन-हॅण्ड 38,538. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर टॅक्स शून्य, त्यामुळे टीडीएस नाही. लोक गडबडतात ते पीएफ एकदाच वजा करतात म्हणून, खरं तर सीटीसीत दोन्ही वाटे बसलेले असतात आणि दोन्ही आपल्याच पॅकेजमधून जातात. काही कंपन्या पीएफचे अ‍ॅडमिन चार्जेसही सीटीसीत टाकतात, मग ग्रॉस आणखी थोडा उतरतो.

वादाचा मुद्दा असा की पीएफ नेमका कशावर मोजायचा. 1952 च्या कायद्यात बेसिक वेजेस आणि डीए म्हटलंय, आणि सक्तीची मर्यादा सप्टेंबर 2014 पासून महिना 15,000 आहे. त्यामुळे बेसिक 20,000 असूनही कंपनी 15,000 वरच, म्हणजे 1,800 कापू शकते, मग वरच्या उदाहरणात ग्रॉस 41,738 आणि इन-हॅण्ड 39,738 होतो. दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 ला विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा अलाउन्स हा बेसिकचाच भाग धरावा. हे धरून कंपनीने स्पेशल अलाउन्सवरही मर्यादा न लावता पीएफ भरला, तर ग्रॅच्युइटी तेवढीच ठेवून पीएफ 3,808, ग्रॉस 39,730 आणि इन-हॅण्ड 35,722 येतो. एकाच ऑफरचे तीन आकडे, फरक 4,016 पर्यंत. अर्थात हे पैसे बुडत नाहीत, महिन्याला तेवढेच जास्त पीएफमध्ये जातात, पण घरभाडं आणि ईएमआय त्यातून भरता येत नाही.

निकालाचा अर्थ काही जण सगळ्यांना पूर्ण पगारावर पीएफ असा लावतात, पण जास्त पटणारं वाचन असं की तो मुख्यतः बेसिक मुद्दाम 15,000 च्या खाली ठेवलेल्यांना लागतो. बेसिक 10,000 आणि स्पेशल 8,000 असेल तर पीएफ 1,200 नाही, 1,800 हवा. बेसिक आधीच मर्यादेच्या वर असेल तर पुढचं कंपनीच्या धोरणावर आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली: एचआरएसारखे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. पीएफ 15,000 च्या मर्यादेनुसार 1,800 च कापला जात असेल तर ती कपात तशीच राहते, ग्रॅच्युइटीचा आधार मात्र वाढतो, आणि ती सीटीसीत असेल तर ग्रॉस कमी होतो.

म्हणून ऑफर हातात आली की पहिल्यांदा पीएफची ओळ बघावी. वर्षाला 21,600 लिहिलं असेल तर मर्यादेवर, बेसिकच्या 12 टक्क्यांएवढं असेल तर पूर्ण बेसिकवर. फक्त ‘नियमानुसार’ लिहिलं असेल तर एचआरकडे नमुना सॅलरी स्लिप मागावी, त्यात संकोच करू नये. नोकरी लागल्यावर ईपीएफओच्या पासबुकात कोणत्या वेतनावर पीएफ भरला ते दिसतं, तिथे पडताळून घ्यावं.

बाकी किरकोळ. महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स फेब्रुवारीत 300 कापतात, 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. ग्रॉस 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचे 0.75 टक्के जातात. नाशिक मेट्रोत मोडत नाही म्हणून एचआरए सवलतीची मर्यादा बेसिकच्या 40 टक्के, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत.