रंगीत मसुदा मंजूर करण्यापूर्वी एवढे पाहा

मुखपृष्ठाचा रंगीत मसुदा पाहून ग्राहक बहुतेक वेळा म्हणतात, "रंग थोडे भडक करा." पुष्कळदा दोष रंगात नसतो, व्हॅल्यूत असतो. रंग लाल की हिरवा हे बाजूला ठेवून तो किती उजळ किंवा गडद आहे, ती त्याची व्हॅल्यू.

समजा, केळीच्या बागेपुढे लाल साडीतली बाई उभी आहे. लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे मांडले, तर साडीचा लाल २००, ४०, ४० आणि बागेचा हिरवा ५०, ११०, ५०. रंगीत चित्रात दोन्ही ठळक वेगळे दिसतात. पण डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो आणि निळा सर्वांत कमी. तो हिशेब धरून ग्रेस्केल केले, तर साडी सुमारे ८८ आणि बाग ८५ येते (० काळा, २५५ पांढरा). म्हणजे बाई बागेत विरघळली. पुस्तकविक्रीच्या ॲपवरच्या बोटभर चित्रात ती लांबून ओळखूच येणार नाही. इथे साडी आणखी भडक करून भागत नाही. बागेवर सकाळचे धुके चढवून ती १४५ च्या आसपास नेली की साडी सुटी होते.

ही तपासणी तुम्हाला फोनवरही करता येते. आयफोनच्या Accessibility मध्ये Display & Text Size, त्यात Color Filters, त्यात Grayscale. फोटोशॉप वापरत असाल तर मात्र Desaturate टाळा. ते फक्त सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याची सरासरी काढते, त्यामुळे हीच साडी १२० आणि बाग ८० दाखवते. चित्र ठीक आहे असे वाटते, आणि नसते. त्याऐवजी सगळ्यात वर काळ्या रंगाचा लेअर ठेवून त्याचा मोड Color करा. चित्र मुद्दाम मंद, एकाच उजेडात विरलेले ठेवायचे असेल, तर व्हॅल्यू वेगळ्या ठेवण्याचा नियम आम्हीही बाजूला ठेवतो.

मग उजेडाची दिशा. ऊन डावीकडून येत असेल, तर नाकाची आणि हनुवटीची सावली उजवीकडे पडायला हवी. जमिनीवर डोक्याची सावली जिथे संपते तिथून डोक्यापर्यंत एक रेघ कल्पा. शेजारच्या घागरीचीही तशीच. ऊन अगदी बाजूने असेल, तर या रेघा समांतर येतात. उजेड कंदिलाचा असेल, तर त्या कंदिलाच्या ज्योतीत मिळतात. एखादी रेघ भलतीकडे गेली, तर ती वस्तू दुसऱ्या संदर्भचित्रावरून आली असण्याची शक्यता मोठी.

दिशा बिघडण्याचे नेहमीचे कारण मात्र एक साधी मागणी असते: "बाईचे तोंड दुसरीकडे वळवा." आकृती आरशासारखी उलटवली की तिच्यावरचा उजेडही उलटतो, बाग मात्र जुन्याच उन्हात राहते. नऊवारीचा पदरही दुसऱ्या खांद्यावर जातो, आणि वाचकाला ते आधी खटकते. म्हणून आकृती वळवायची असेल, तर रेखाटनाच्या टप्प्यावरच कळवा. रंग भरल्यानंतर छाया नव्याने रंगवाव्या लागतात आणि त्या कामाचे पैसे वेगळे पडतात.