पैसे एका दुकानात, फोन दुसऱ्या दुकानाचा: वर्गणी का ओळखली जात नाही

मंगळवार पेठेत आमच्या ओळखीच्या एक काकू गाणं शिकवतात. खरा तंबोरा घरात आहे, पण रोजच्या शिकवणीला त्या मोबाईलवरचं तंबोऱ्याचं ॲप लावतात. जून 2024 मध्ये त्यांनी आपल्या अँड्रॉइड फोनवर त्या ॲपची वर्षाची वर्गणी घेतली, 1,199 रुपये. जानेवारीत मुलानं आपला जुना आयफोन त्यांना दिला. त्याच नावाचं, त्याच चिन्हाचं ॲप त्यावर उतरवलं, काळी चारची पट्टी लावली आणि दहा मिनिटांत सूर थांबून पडद्यावर वर्गणी भरण्याचं पान आलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात Restore Purchases असं होतं. ते दाबल्यावर चक्र थोडा वेळ फिरलं आणि खरेदी सापडत नाही असा निरोप आला. काकूंनी फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "पैसे भरल्यात की रे मी. आता परत भरू होय?"

मी ॲपमधल्या पैशांच्या व्यवहाराचंच काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून अनेकदा ऐकू येतो. बहुतेकांना वाटतं की ॲपमध्ये काहीतरी बिघडलंय. प्रत्यक्षात तिथे काहीच बिघडलेलं नसतं. वर्गणीची नोंद कुणाच्या वहीत राहायची, हे 2009 ते 2012 या तीन वर्षांत ठरलं आणि त्याचे परिणाम आपण आजही भोगतोय.

ॲपलचं ॲप स्टोअर जुलै 2008 मध्ये सुरू झालं. तेव्हा ॲप विकत घ्यायचं किंवा फुकट घ्यायचं, एवढाच व्यवहार होता. ॲपच्या आत पैसे भरण्याची सोय जून 2009 मध्ये आली. त्या वेळीही वर्गणी विकता यायची, पण तिची मुदत सांभाळणं ॲप बनवणाऱ्याच्या गळ्यात असायचं. गिऱ्हाइकाने दुसरा आयफोन घेतला तर त्याची वर्गणी तिथे पोचवायची जबाबदारी ॲपवाल्याची. त्यासाठी त्याला स्वतःची खाती उघडावी लागायची: नाव, ईमेल, पासवर्ड. काम किचकट होतं, पण त्यात एक गोष्ट चांगली होती. वर्गणी कुणाची आहे हे ॲपवाल्याला माहीत असायचं.

15 फेब्रुवारी 2011 रोजी ॲपलने आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी आणली. आता मुदत, पुढच्या वर्षाचे पैसे, नव्या आयफोनवर परत देणं, हे सगळं दुकान बघणार होतं आणि त्याबद्दल 30 टक्के ठेवणार होतं. छोट्या ॲपवाल्यांना हायसं वाटलं. खाती उघडायला नकोत, पासवर्ड विसरल्याचे फोन यायला नकोत. पण त्याच वेळी गिऱ्हाइकाची वही त्यांच्या हातून दुकानाकडे गेली.

या इतिहासातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग दुसऱ्याच दिवशीचा आहे. 16 फेब्रुवारी 2011 रोजी गूगलने वन पास नावाची योजना जाहीर केली. ती वर्तमानपत्रं आणि मासिकांसाठी होती. वाचकाने एकदा पैसे भरायचे आणि संगणक, फोन, टॅब्लेट, जिथे हवं तिथे वाचायचं. खरेदी माणसाच्या खात्याला चिकटलेली, उपकरणाला नव्हे. गूगलचा वाटा होता 10 टक्के. ही योजना तगली असती तर आजचं चित्र कदाचित वेगळं असतं. पण 2012 मध्ये ती गुंडाळली गेली आणि त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने आपल्या प्ले स्टोअरवर वर्गणीची सोय सुरू केली, ॲपलच्या धर्तीवर, 30 टक्के वाट्यासह. तिथून दोन वेगळ्या वह्या पक्क्या झाल्या.

या वह्यांत नेमकं काय लिहिलेलं असतं ते समजलं की काकूंच्या फोनवर काय झालं तेही कळतं. अँड्रॉइडवर वर्गणी घेतली की ती नोंद त्या फोनमधल्या गूगल खात्याच्या नावावर होते. ॲपवाल्याला मिळते एक लांबलचक सांकेतिक खूण, purchaseToken, आणि GPA अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर क्रमांक. आयफोनवर नोंद ॲपल खात्याच्या नावावर होते आणि ॲपवाल्याला मिळतो originalTransactionId नावाचा क्रमांक. या खुणांमध्ये माणसाचं नाव नसतं. दोन्हीकडच्या क्रमांकांत एकमेकांशी जुळावं असं काहीही नसतं. Restore Purchases दाबलं की ॲप फक्त त्या फोनच्या दुकानाला विचारतं: या खात्यावर काही घेतलंय का? ॲपलच्या दुकानात काकूंनी काहीच घेतलेलं नव्हतं, म्हणून आलेलं उत्तर अगदी खरं होतं. गुजरीत एका पेढीवर भिशी भरून शेजारच्या पेढीवर दागिना मागावा, तसा हा प्रकार.

मग दोन वह्या जोडणार कोण? ते फक्त ॲपवालाच करू शकतो, आणि तेही त्याच्याकडे स्वतःची खाती असतील तरच. तुम्ही अँड्रॉइडवर त्याच्या खात्यात लॉगिन करून वर्गणी घेतली असेल, तर त्याच्या सर्व्हरवर नोंद राहते की अमुक खुणेची वर्गणी या खात्याची. नव्या फोनवर तेच खातं उघडलं की वर्गणी समोर हजर. ॲपलचे नियमही याला आडवे येत नाहीत. दुसरीकडे घेतलेली वर्गणी आयफोनवर वापरू द्यायला परवानगी आहे, अट एवढीच की तीच वर्गणी आयफोनवरच्या ॲपमध्येही विकायला ठेवलेली हवी. "ॲपलच चालू देत नाही" असं उत्तर तुम्हाला कुणी दिलं तर ते बरोबर नाही.

पण तंबोऱ्याच्या ॲपला लॉगिन कशाला लागतं? लागतच नाही, आणि गोम इथेच आहे. ॲपलच्या नियमावलीत असंही लिहिलंय की ॲपचं मुख्य काम खात्यावर अवलंबून नसेल तर लोकांना लॉगिनशिवाय ते वापरू द्यावं. हा नियम मला योग्य वाटतो. नुसता सूर लावायला माझा ईमेल कुणी का मागावा? पण त्याची दुसरी बाजू अशी की तंबोरा, दिनदर्शिका, कागद स्कॅन करणं, अशी साधी ॲप्स खात्याविनाच राहतात आणि फोनची जात बदलली की त्यांच्याच वर्गण्या मागे पडतात. खातं ऐच्छिक ठेवून "फोन बदलणार असाल तर इथे नोंद करा" एवढी एक ओळ पैसे भरण्याआधी दाखवता येते. ती न दाखवणं हा मी ॲपवाल्यांचा दोष मानतो.

खातं असूनही वर्गणी न सापडण्याचं एक कारण 2019 पासून वाढलंय. त्या वर्षी ॲपलने आपलं लॉगिनचं बटण आणलं, Sign in with Apple. त्यात स्वतःचा ईमेल लपवता येतो, मग ॲपवाल्याला privaterelay.appleid.com ने संपणारा वेगळाच पत्ता मिळतो. जुन्या फोनवर जीमेलने आत गेलेला माणूस नव्या फोनवर हे बटण दाबतो आणि त्याच्या नकळत दुसरं, कोरं खातं तयार होतं. ओळखायची खूण सोपी आहे: ॲपमध्ये वर्गणीच नव्हे, तर तुमचा आधीचा साठाही दिसत नाही. तसं असेल तर लॉगआउट करून जुन्या पद्धतीने परत आत जावं, बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

काकूंच्या ॲपला मात्र खातंच नव्हतं. म्हणून आधी त्यांच्या जीमेलमध्ये जून महिन्याची पावती शोधली. तिच्यात GPA चा ऑर्डर क्रमांक होता. ॲप बनवणाऱ्याला तो क्रमांक, खरेदीची तारीख आणि वर्गणी संपण्याची तारीख पाठवली. ईमेलचा पासवर्ड, बँकेचा तपशील असलं काही पाठवायचं नसतं, त्याची गरजही नसते. ऑर्डर क्रमांकावरून ॲपवाला आपल्या बाजूने प्ले स्टोअरवरचा व्यवहार तपासू शकतो. तो खरा निघाला तर आयफोनसाठी त्याच्या हाती एक साधन असतं: ऑफर कोड. 2020 पासून ॲपल हे कोड वर्गणीसाठी देतं, आणि त्यातून ठरावीक मुदतीची वर्गणी फुकट चालू करून देता येते. काकूंचे पाच महिने उरले होते, त्यांना सहा महिन्यांचा कोड आला. ॲप स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून Redeem Gift Card or Code इथे तो टाकला आणि तंबोरा परत लागला. सगळेच ॲपवाले एवढं करतील असं नाही. त्यांच्यावर तशी सक्ती नाही, पण नेमका क्रमांक हातात असला तर नकार देणं त्यांना अवघड जातं.

पैशाचा प्रश्न मात्र एवढ्यावर सुटत नाही. जुन्या फोनवरून ॲप काढून टाकलं, अगदी फोन विकला, तरी वर्गणी रद्द होत नाही. आपल्याकडे यात बँकेचाही धागा आहे. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम ऑक्टोबर 2021 पासून कडक झाले. पैसे कापण्याच्या 24 तास आधी तुम्हाला सूचना यावीच लागते. यूपीआय ऑटोपे जुलै 2020 पासून आहे, आणि त्याची मंजुरी तुमच्या बँक खात्याशी बांधलेली असते, फोनशी नव्हे. म्हणून आयफोनवर गेलात तरी प्ले स्टोअरची वर्गणी जूनमध्ये तुमच्याच खात्यातून कापली जाऊ शकते. तो आगाऊ संदेश आपण जाहिरात समजून पुसतो. काकूंच्या मेसेजमध्येही जुलैपासूनचे न वाचलेले शेकडो संदेश होते.

आयफोनवर प्ले स्टोअर नसतं, तेव्हा ही वर्गणी ब्राउझरमधून, त्याच जीमेलने आत जाऊन रद्द करायची:

```
play.google.com/store/account/subscriptions
```

रद्द केलं तरी भरलेली मुदत संपेपर्यंत ती जुन्या फोनवर चालू राहते, त्यामुळे जूनची वाट बघायचं कारण नव्हतं. ऑफर कोडने सुरू झालेली वर्गणीही मुदत संपली की पूर्ण दराने पुढे चालू होते. ती आयफोनच्या सेटिंग्जमध्ये, आपल्या नावाखाली Subscriptions मध्ये दिसते. काकूंच्या तिथे तारीख दाखवत होती जुलैची. त्यांनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर, शिकवणीच्या फीच्या नोंदींशेजारी लिहून ठेवली. अँड्रॉइडवरची वर्गणी आम्ही त्याच बैठकीत रद्द केली.