नवा गुंडा जोडताना गाठ नको, आणि टोकं तर कापूच नका

आमच्याकडे शिवणीसाठी आणि धुण्यासाठी येणाऱ्या विणलेल्या तुकड्यांवर आमचा सर्वाधिक वेळ जातो तो गाठी सोडवण्यात. गुंडा संपला की नव्या लोकरीला गाठ मारायची आणि पुढे विणायचं, ही पुष्कळांची सवय आहे. गाठ एकवेळ आम्ही सोडवू. पण गाठीजवळची टोकं अर्ध्या सेंटिमीटरवर कापलेली असली, की हातात धरायलाच काही उरत नाही.

अलीकडेच एका स्वेटरची पाठ दुरुस्तीला आली. मधोमध मारलेली गाठ पहिल्याच धुण्यात सुटली होती आणि पाच टाके चार ओळी खाली उसवले होते. आम्ही ते क्रोशाच्या सुईने वर उचलले, त्याच लोकरीचा वेगळा धागा घेतला आणि सुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ टाक्यांपर्यंत मूळ धाग्याच्या वाटेनेच तो ओवला. या कामाला दीड तास लागला. टोकं हातभर नाही, नुसती वीतभर जरी ठेवलेली असती, तरी दहा मिनिटांत काम झालं असतं. गाठींच्या कामाचा वेळ आम्ही वेगळा का लावतो, असं विचारलं जातं. त्याचं कारण हे आहे.

आता जोडायचं कसं ते सांगतो. आधी आपली लोकर कोणती आहे ते बघा. वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून तळहातांत अर्धा मिनिट जोरात चोळा. तंतू एकमेकांत गुंतून घट्ट दोरीसारखे झाले, तर ती लोकर मळून जोडता येते. पीळ सुटून तंतू नुसतेच पिंजारले, तर ती ॲक्रेलिक, सुती किंवा सुपरवॉश असणार. सुपरवॉश ही खरी लोकरच असते, पण मशीनमध्ये धुता यावी म्हणून तिच्या तंतूंवरचे बारीक खवले झिजवलेले किंवा झाकलेले असतात. खवले अडकल्याशिवाय तंतू एकजीव होत नाहीत, म्हणून तिथे कितीही चोळलं तरी उपयोग नाही.

मळून जोडायच्या लोकरीची दोन्ही टोकं आठ-आठ सेंटिमीटर उकला. लोकर चार पदरी असेल तर प्रत्येक टोकाचे दोन पदर काढून टाका, म्हणजे एकावर एक ठेवल्यावर जाडी पुन्हा चार पदरांचीच होईल. पदर कात्रीने कापू नका, हाताने तोडा आणि एक लांब, एक आखूड ठेवा. कात्रीचं बोथट टोक कितीही चोळलं तरी वेगळंच राहतं आणि पुढे विणीतून डोकावतं. आता उकललेली टोकं समोरासमोरून एकमेकांवर ठेवा, पाणी लावा आणि तळहात गरम होईपर्यंत चोळा. हलकंसं ओढून बघा. जोड सरकला नाही, तर लगेच विणायला घ्या. रंग बदलताना मात्र ही पद्धत नको, कारण तेवढ्या पट्ट्यात दोन्ही रंग मिसळलेले दिसतात.

बाकीच्या धाग्यांसाठी ओवून जोडणं चांगलं. जुन्या धाग्याचं पंधरा सेंटिमीटर टोक मागे सोडा, नव्याचंही तेवढंच, आणि पुढचा टाका सरळ नव्या धाग्याने घ्या. तिथे थोडा वेळ सैल भोक दिसेल. त्याला घाबरूनच लोक गाठ मारतात. विणून झाल्यावर बोथट सुईत टोक घाला आणि उलट बाजूच्या टाक्यांच्या कमानींमधून, विणीचा धागा जसा वरखाली जातो तसं, सात-आठ टाके ओवा. जुनं टोक भोकाच्या पलीकडे न्यायचं आणि नवं अलीकडे. टोकं अशी एकमेकांना ओलांडून गेली की भोक आपोआप मिटतं. मग सुई उलटी फिरवून, धाग्याचा पीळ भेदत, तीन-चार टाके परत या. सुती धागा निसरडा असतो, त्याला बारा टाके तरी द्या.

ओवताना धागा ताणू नका. दर दोन-तीन टाक्यांनी वीण आडवी ओढून बघा. सुलट बाजूला चुणी दिसली तर टोक आवळलं गेलं आहे.

गुंड्यातच कारखान्याची गाठ निघाली, तर तो गुंडा खराब नसतो. कारखान्यात धागा संपला की तसा जोडतात, आणि गुंडा न उकलता ती गाठ आम्हालाही दिसत नाही. म्हणून अशा एखाद्या गाठीसाठी आम्ही गुंडा परत घेत नाही. गाठ कापा आणि वरच्यापैकी एका पद्धतीने जोडा.

आमच्याकडून घेतलेल्या लोकरीसोबत बोथट सुई आणि चाचणीपुरता तुकडा मागून घ्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुसरीकडून घेतलेली लोकर आणलीत तरी ती कोणत्या पद्धतीने जोडायची ते तपासून सांगू. आणि गाठी आधीच मारून झाल्या असतील, तर तुकडे तसेच घेऊन या, फक्त कात्री लावू नका. टोकं आम्ही पहिल्या धुण्यानंतर, वीण बसल्यावरच कापतो.